चुकीच्या रकमेचे किंवा चुकीच्या पार्टीला गेलेले बिल: दिलगिरीचा मेल आणि दुरुस्त कागद यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील लहान कारखाने, जालन्यातील दोन-तीन व्यापारी आणि लातूरच्या काही डाळमिली यांचे हिशेब पाहताना जे प्रश्न वर्षभर फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर येत राहतात, तेच येथे एकत्र केले आहेत. उत्तरे जीएसटी नोंदणी असलेल्या आणि नियमित टॅक्स इन्व्हॉइस काढणाऱ्या व्यवसायांसाठी आहेत. प्रश्न क्रमाने वाचले पाहिजेत असे नाही. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बिल चुकीचे गेले हे लक्षात आले. आधी माफीचा मेल पाठवायचा की आधी बिल दुरुस्त करायचे?

आधी चूक कशात झाली ते ठरवावे, कारण त्यावरच मेलमधला मजकूर आणि सोबत जोडायचा कागद अवलंबून असतो. चुका तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात पार्टी बरोबर असते, पण दर, नग किंवा कर चुकलेला असतो. दुसऱ्या प्रकारात कागद पूर्ण बरोबर असतो, पण मेल भलत्याच पार्टीला जातो. तिसऱ्या प्रकारात बिलच दुसऱ्या पार्टीच्या नावाने आणि तिच्या जीएसटी नंबरावर तयार होते. दुसऱ्या प्रकारात बिलाला हात लावायचे काहीच कारण नसते, तरीही घाबरून चांगले बिल रद्द करणारे लोक मी दरवर्षी पाहतो आणि मग त्या रद्द क्रमांकाचा हिशेब देत बसावे लागते.

प्रकार ठरला की समोरच्या हिशेब विभागाला फोन करून एवढेच सांगावे की अमुक क्रमांकाच्या बिलाची नोंद करू नये, किंवा नोंद झाली असेल तर पैसे सोडू नयेत. दुरुस्त कागद तासा-दोन तासांत तयार होणार असेल तर मेल त्याच्यासोबतच पाठवावा. तुमचे अकाउंटंट आठवड्यातून दोनच दिवस येत असतील आणि कागदाला वेळ लागणार असेल, तर त्याच दिवशी दोन ओळींचा थांबवणारा मेल पाठवावा आणि दुरुस्त कागद कोणत्या तारखेला येईल हे त्यात लिहावे. एकामागून एक तीन मेल गेले की समोरच्या माणसाला शेवटचा कोणता, हेच कळत नाही.

२. फक्त रक्कम चुकली आहे. त्याच क्रमांकाचे बिल उघडून दर बदलला आणि पुन्हा पाठवले तर काय बिघडते?

जुने बिल कोणाच्याही हातात पडले नसेल, म्हणजे माल गेला नाही, समोर नोंद झाली नाही आणि विवरणपत्रात ते दाखवले गेले नाही, तर फारसे बिघडत नाही. तरीही जुने बिल रद्द दाखवून नव्या क्रमांकाने बिल काढणे अधिक स्वच्छ. यांपैकी एक जरी गोष्ट घडून गेली असेल, तर मात्र एकाच क्रमांकाचे आणि दोन रकमांचे दोन कागद बाजारात फिरू लागतात. समोरच्याकडे पहिली रक्कम, तुमच्या संगणकात दुसरी, आणि जीएसटी पोर्टलवर त्यांपैकी कुठलीतरी एक. नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षात एकमेव असला पाहिजे, आणि रक्कम जास्त लागली असेल तर ती कमी करण्यासाठी केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये क्रेडिट नोट हा मार्ग दिलेला आहे.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. वाळूजमधील एका कारखान्याने चिकलठाण्याच्या ग्राहकाला ४ नोव्हेंबरला स्टीलचे ४८० ब्रॅकेट पाठवले. ऑर्डरचा दर १४५ रुपये होता आणि बिलात १५४ पडला. बिल क्रमांक २१४ वर मूळ किंमत ७३,९२० रुपये आणि १८ टक्के कर धरून, पूर्ण रुपयांत, ८७,२२६ रुपये झाले. खरी किंमत ६९,६०० रुपये आणि करासह ८२,१२८ रुपये व्हायला हवी होती. माल बिलासोबतच गेला होता आणि गेटवर त्या बिलाच्या प्रतीवर आवक शिक्काही बसला होता. ७ तारखेला ग्राहकाच्या खरेदी विभागातून फोन आला. आता तो शिक्का बसलेला कागद मिटवता येत नाही. म्हणून ४,३२० रुपये किंमत, त्यावर केंद्राचा कर ३८८.८० आणि राज्याचा कर ३८८.८०, अशी पूर्ण रुपयांत ५,०९८ रुपयांची क्रेडिट नोट काढली. ८७,२२६ मधून ५,०९८ वजा केले की बरोबर ८२,१२८ उरतात. पैशांचे पूर्णांक करताना बिलावर आणि क्रेडिट नोटवर एकच पद्धत ठेवावी, नाहीतर उरलेला एक रुपया वर्षअखेरीपर्यंत खात्यावर लोंबकळत राहतो.

जाता जाता एक जुनी हिशेबनीसांची खूण सांगतो. दरातला फरक ९ ने पूर्ण भागला जात असेल, तर बहुतेक वेळा दोन अंक उलटे टाइप झालेले असतात. येथे १५४ आणि १४५ यांत फरक ९ चाच आहे. अशी चूक सापडली की त्याच दिवशी त्याच माणसाने टाइप केलेली बाकीची बिलेही एकदा पाहून घ्यावीत.

३. फरकापुरती क्रेडिट नोट द्यावी, की पूर्ण बिल उलटवून नवीन बिल द्यावे?

कायद्याने दोन्ही चालते, म्हणून हा निर्णय ग्राहकाला विचारून घ्यावा. लहान कारखाना किंवा व्यापारी असेल तर फरकाची क्रेडिट नोट त्याला सोपी जाते, कारण एकच नोंद वाढते. मोठ्या कंपन्यांत मात्र ऑर्डरचा दर, आवक झालेले नग आणि बिलाचा दर या तिन्ही गोष्टी संगणकच जुळवून पाहतो, आणि १५४ दराचे बिल तेथे अडकूनच पडते. क्रेडिट नोट पाठवली तरी मूळ बिल पुढे सरकत नाही. अशा ठिकाणी पूर्ण ८७,२२६ रुपयांची क्रेडिट नोट आणि १४५ दराचे नव्या क्रमांकाचे बिल असे दोन कागद द्यावे लागतात. फोनवर हा एक प्रश्न आधीच विचारला, तर मेल दुसऱ्यांदा लिहावा लागत नाही.

४. दिलगिरीचा मेल नेमका कसा लिहावा? नमुना द्या.

प्रश्न २ मधल्या उदाहरणासाठी प्रत्यक्ष गेलेला मेल जवळपास असा होता:

> विषय: बिल क्र. २१४, दि. ४ नोव्हेंबर: दरातील चूक आणि क्रेडिट नोट क्र. १९
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आमच्या वरील बिलात ब्रॅकेटचा दर १४५ रुपयांऐवजी १५४ रुपये लागला आहे. ही चूक आमच्याकडून टाइप करताना झाली असून तिच्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
>
> बिलाची रक्कम ८७,२२६ रुपये असून ५,०९८ रुपयांची क्रेडिट नोट क्र. १९, दि. ७ नोव्हेंबर, सोबत जोडली आहे. आपल्याकडून देय रक्कम आता ८२,१२८ रुपये आहे. नग, मालाचे वर्णन आणि आमचा बँक तपशील यांत कोणताही बदल नाही.
>
> मूळ बिलाची नोंद आपल्याकडे झाली असल्यास ती तशीच ठेवून क्रेडिट नोटची नोंद घ्यावी. हे दोन्ही कागद आम्ही नोव्हेंबरच्या विवरणपत्रात दाखवत आहोत. या मेलला उत्तर देऊन पोच द्यावी, ही विनंती.

यात दिलगिरीचे वाक्य एकच आहे, आणि ते पुरेसे आहे. समोर बसलेल्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: कोणता कागद ठेवायचा, कोणता नोंदवायचा आणि शेवटी किती पैसे द्यायचे. पाच ओळींची क्षमायाचना वाचून झाल्यावर त्याला या तीन गोष्टी शोधाव्या लागत असतील, तर तो पुन्हा फोन करणारच. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ हा शब्दप्रयोग मी हमखास खोडतो. दर माणसाने चुकीचा टाइप केला होता, आणि ते वाचणाऱ्यालाही ठाऊक असते.

मूळ मेलला उत्तर म्हणूनच हा मेल पाठवावा, म्हणजे दोन्ही कागद एकाच साखळीत राहतात. विषयाची ओळ मात्र बदलावी, कारण जुन्या विषयाखाली आलेला मेल बहुतेक जण उघडतही नाहीत.

५. दुरुस्त प्रतीवर ‘रिवाइज्ड इन्व्हॉइस’ असे लिहिले तर चालते का?

तो शब्द टाळावा. कायद्यात रिवाइज्ड इन्व्हॉइस ही वेगळीच गोष्ट आहे: नोंदणी ज्या दिवसापासून लागू झाली तो दिवस आणि प्रमाणपत्र हाती पडले तो दिवस, यांच्यामधल्या काळात काढलेल्या बिलांसाठी ती असते. दर चुकल्याच्या दुरुस्तीला तो मथळा दिला, तर ग्राहकाचा लेखापरीक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तर देता देता नाकी नऊ येतात. क्रेडिट नोटला क्रेडिट नोटच म्हणावे आणि तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक व तारीख लिहावी. नवीन बिल काढले असेल तर शेऱ्याच्या रकान्यात ‘बिल क्र. २१४ च्या बदली’ एवढे पुरते.

फाइलच्या नावाकडेही लक्ष द्यावे. जुनी आणि नवी फाइल एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाने असल्यामुळे माफीच्या मेलसोबत पुन्हा जुनेच बिल गेले, असे माझ्या पाहण्यात तीनदा तरी आले आहे. फाइलच्या नावात क्रमांकासोबत रक्कमही टाकावी, आणि मेल पाठवल्यावर पाठवलेल्या मेलमधून ती जोडलेली फाइल उघडून पाहावी. संगणकातली फाइल पाहून उपयोग नसतो. गेलेली पाहावी लागते.

६. बिल कमी रकमेचे गेले आहे. वरचा फरक मागता येतो का?

मागता येतो, त्यासाठी डेबिट नोट असते आणि तिच्यावरही मूळ बिलाचा क्रमांक व तारीख द्यावी लागते. मात्र येथे मेलच्या आधी बोलणे झालेच पाहिजे, कारण ग्राहकाने कमी दर धरून पुढचा हिशेब केलेला असतो. मेलमध्ये ऑर्डरचा क्रमांक आणि तिच्यातला दर उद्धृत करावा. दर तोंडी ठरला असेल आणि कागदावर कुठेच नसेल, तर ही मागणी हक्काची न राहता विनंतीची होते, आणि मेलची भाषाही तशीच ठेवावी.

७. एका पार्टीचे बिल दुसऱ्याच पार्टीला मेल झाले. कोणाला काय लिहायचे?

दोन मेल लिहावे लागतात, आणि ते एकमेकांपासून वेगळे असतात. बिलात काही चूक नसल्याने त्याला हात लावायचा नाही.

ज्याला चुकून गेले त्याला लिहिताना पहिल्याच वाक्यात सांगावे की हा कागद त्यांच्यासाठी नव्हता आणि त्यावर त्यांनी काहीही देणे लागत नाही. त्यानंतर मेल आणि जोडलेली फाइल काढून टाकण्याची व पुढे न पाठवण्याची विनंती करावी. या मेलमध्ये दुसऱ्या पार्टीचे नाव, बिलाची रक्कम किंवा मालाचे वर्णन पुन्हा लिहू नये, आणि जुनी फाइल तर मुळीच पुन्हा जोडू नये. मूळ मेलला ‘रिप्लाय’ करतानाही सांभाळावे, कारण खाली जुना मजकूर तसाच लटकत राहतो. ‘आज सकाळी ११:१० वाजता आमच्याकडून आपल्याला आलेला मेल’ असा वेळेचा उल्लेख पुरेसा असतो. त्या पार्टीचे स्वतःचे बिलही त्याच दिवशी जायचे होते का, हेही तपासावे. बऱ्याचदा दोन बिलांची अदलाबदल झालेली असते आणि एकाच चुकीचे दुसरे टोक दुसऱ्या पार्टीकडे असते.

ज्याचे बिल होते त्याला लिहावे की नाही, यावर लोक अडखळतात. माझे मत लिहावे असे आहे. बिलावर दर असतो, सवलत असते, आणि जालन्यासारख्या गावात एकाच मालाचे दोन व्यापारी समोरासमोरच्या दुकानात बसतात. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एका डाळमिलच्या ग्राहकाचे बिल त्याच मालाच्या दुसऱ्या ग्राहकाला गेले होते. मेलच्या खिडकीत नावाची पहिली तीन अक्षरे टाइप केली, संगणकाने सुचवलेला पत्ता पहिलाच घेतला आणि पाठवून मोकळा झालो. दुसऱ्या ग्राहकाने संध्याकाळी मिलमालकाला फोन करून विचारले, ‘काय भाऊ, त्यांना क्विंटलमागे साठ रुपये कमी लावता का?’ तोपर्यंत मी ना मालकाला सांगितले होते, ना ज्याचे बिल होते त्याला. साठ रुपयांची सवलत पुढे दोघांनाही द्यावी लागली. दुपारीच सांगितले असते तरी दर फुटलाच असता; पण मालकाला तो ग्राहकाच्या तोंडून कळला नसता.

म्हणून ज्याचे बिल होते त्याला मेलमध्ये असे लिहावे: ‘आपले बिल क्र. अमुक आज चुकीने दुसऱ्या एका पत्त्यावर गेले. तो मेल काढून टाकण्याची विनंती आम्ही संबंधितांना केली आहे. आपले बिल सोबत पाठवत आहोत. त्यात कोणताही बदल नाही.’ ते कोणाला गेले हे विचारल्याशिवाय सांगू नये, पण विचारले तर खोटे बोलू नये. ज्याला गेले, त्याच्याकडूनच ते कळण्याची शक्यता फार असते.

८. गेलेला मेल परत ओढता येत नाही का?

जीमेलमध्ये पाठवल्यानंतर तो थांबवण्याची सोय जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते, आणि तीही सेटिंगमध्ये आधी वाढवून ठेवलेली असेल तर. आउटलुकमधली परत बोलावण्याची सोय स्वतःच्या संस्थेबाहेर गेलेल्या मेलला लागू होत नाही. त्यामुळे बाहेरच्या पार्टीला गेलेला मेल गेलाच असे धरून प्रश्न ७ मधले दोन मेल लिहावेत.

९. बिलच दुसऱ्या पार्टीच्या नावाने आणि जीएसटी नंबरावर निघाले. आता?

ही तिन्हींतली सर्वांत किचकट चूक आहे, कारण आता एका कागदामुळे तीन जणांची खाती बिघडतात. ज्या पार्टीचा नंबर पडला, तिच्या पोर्टलवर न घेतलेल्या मालाची खरेदी दिसू लागते. ज्याने माल घेतला, त्याला कराचे क्रेडिट मिळत नाही.

सगळा खेळ तारखेवर आहे. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याचे जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जाते, आणि १४ तारखेला ग्राहकाचे जीएसटीआर-२बी तयार होते. जीएसटीआर-१ भरण्याआधी चूक सापडली आणि प्रश्न १० मधली ई-इन्व्हॉइसची अडचण नसेल, तर चुकीचे बिल रद्द करून योग्य पार्टीच्या नावाने नव्या क्रमांकाचे बिल काढावे. टॅलीप्राइममध्ये ते व्हाउचर `Alt+X` ने रद्द करावे. `Alt+D` ने पुसून टाकू नये. पुसले की क्रमांकांच्या मालिकेत भोक पडते किंवा, क्रमांक आपोआप पुन्हा लावण्याचे सेटिंग असेल तर, पुढची सगळी बिले एकेक पायरी खाली सरकून ग्राहकांकडच्या प्रतींशी जुळेनाशी होतात. रद्द क्रमांकांची संख्या जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये दाखवायची असते.

जीएसटीआर-१ भरून झाल्यावर सापडली, तर ऑगस्ट २०२४ पासून सुरू झालेल्या जीएसटीआर-१ए ने काम होईल असे अनेकांना वाटते. त्यातून रकमा दुरुस्त होतात, पण घेणाऱ्याचा जीएसटी नंबर बदलता येत नाही. त्यासाठी पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करावी, किंवा चुकीच्या पार्टीच्या नावे पूर्ण रकमेची क्रेडिट नोट आणि योग्य पार्टीच्या नावे नवे बिल काढावे. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण त्यात प्रत्येकाच्या हातात स्वतःचा वेगळा कागद राहतो.

चुकीच्या पार्टीच्या मेलमध्ये एक वाक्य आवर्जून घालावे: ‘आपल्या पोर्टलवर आमचे हे बिल दिसल्यास ते नाकारावे, त्याची क्रेडिट नोट सोबत आहे.’ ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर बिल स्वीकारणे, नाकारणे किंवा प्रलंबित ठेवणे यांसाठी आयएमएस नावाची सोय आहे. तेथे काहीच केले नाही तर बिल स्वीकारले असे धरले जाते, आणि नको ते क्रेडिट त्या पार्टीच्या खात्यात जाऊन बसते. क्रेडिट नोट आणि बिल यांबाबत ती पार्टी काय करणार आहे, हे फोनवर एकदा पक्के करून घ्यावे. एक स्वीकारले आणि दुसरे नाकारले, तर गुंता वाढतो.

नांदेडकडच्या लोकांसाठी एक सूचना. योग्य पार्टी तेलंगणातली असेल तर नुसते नाव बदलून भागत नाही. पहिल्या बिलात केंद्र आणि राज्य असे दोन कर लागलेले असतात, तेथे नव्या बिलात आयजीएसटी लागतो. कराची रक्कम तीच दिसते, म्हणून ही चूक नजरेतून सुटते.

१०. आमचे ई-इन्व्हॉइस निघते. त्यात काय वेगळे करावे लागते?

वेगळे म्हणजे घड्याळ. ई-इन्व्हॉइसचा आयआरएन २४ तासांच्या आतच रद्द होतो आणि त्यात बदल करता येत नाही. त्या मालासाठी चालू ई-वे बिल निघालेले असेल तर आधी ते रद्द करावे लागते, आणि त्यालाही २४ तासच असतात. वाटेत अधिकाऱ्याने तपासलेले ई-वे बिल तर रद्दच होत नाही. रद्द झालेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. मुदत उलटली की प्रश्न ३ प्रमाणे क्रेडिट नोट, आणि तिचाही आयआरएन काढावा लागतो. संध्याकाळी काढलेली बिले दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा डोळ्यांखालून घालण्याची सवय याच २४ तासांसाठी लावून घ्यावी.

११. ग्राहकाने चुकीची, जास्त रक्कम आधीच भरली. मेलमध्ये काय लिहू?

जास्त आलेली रक्कम किती, कोणत्या तारखेला जमा झाली आणि तिचे काय करायचे, हे लिहावे. परत पाठवायची की पुढच्या बिलात वळती करायची, याचे दोन पर्याय देऊन निवड ग्राहकावर सोडावी. आपणच ‘पुढच्या बिलात वळते करून घेत आहोत’ असे परस्पर लिहू नये. पैसे परत करताना ते ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पाठवावेत. कोणी दुसऱ्या खात्यात मागितले तर प्रश्न १२ वाचावा.

१२. आमचा माफीचा मेल ग्राहकाने फसवणूक समजून बाजूला टाकला. असे का होते?

कारण फसवणुकीचा मेल हुबेहूब असाच असतो. ‘आधीच्या बिलात चूक होती, क्षमस्व, दुरुस्त बिल सोबत आहे’ असे लिहून, बिलावर फक्त बँक खाते बदलून पैसे वळवणे ही जुनी क्लृप्ती आहे. मेलचा पत्ताही एखादे अक्षर इकडचे तिकडे करून तुमच्यासारखाच केलेला असतो. त्यामुळे संशय घेणारा ग्राहक शहाणा समजावा.

याच कारणाने प्रश्न ४ च्या नमुन्यात बँक तपशिलात बदल नाही असे स्पष्ट लिहिले आहे. खरोखरच खाते बदलायचे असेल, तर ते काम बिलाच्या दुरुस्तीसोबत कधीही करू नये. त्यासाठी लेटरहेडवर वेगळे पत्र आणि रद्द केलेला धनादेश द्यावा. मेल पाठवण्याआधी, ग्राहकाकडे आधीपासून असलेल्या तुमच्या क्रमांकावरून फोन जावा. मेलमध्ये नवा मोबाइल क्रमांक देऊन ‘यावर खात्री करा’ असे लिहिणे म्हणजे खात्रीच काढून टाकणे. तुमच्या नावाने असा मेल दुसऱ्याच कोणी पाठवला आणि पैसे गेले, तर ज्याचे पैसे गेले त्याने वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

१३. मेल मराठीत लिहावा का? आणि ‘माफी’, ‘क्षमस्व’, ‘दिलगीर’ यांतले काय वापरावे?

आधीचा व्यवहार ज्या भाषेत चालला, त्याच भाषेत लिहावा. जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेकडे मराठीतच लिहावे, आणि तेथे मेलसोबत त्याच मजकुराचे सही-शिक्क्याचे पत्र आवक बारनिशीत देऊन पोच घ्यावी. नुसत्या मेलवर देयक हलत नाही. शब्दांत मला ‘दिलगीर आहोत’ बरा वाटतो. ‘क्षमस्व’ दुकानाच्या पाटीवर शोभतो, आणि ‘माफी’ तोंडाने मागावी. वीस वर्षांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला आधी फोनवर ‘भाऊ, चूक झाली आमच्याकडून’ म्हणावे आणि मग मेल कोरडा, आकड्यांपुरता ठेवावा. तो मेल भाऊ वाचत नाहीत, त्यांचा मुनीम वाचतो.

१४. दुरुस्तीमुळे पैसे मिळण्याची मुदत पुढे जाते का?

फरकाची क्रेडिट नोट दिली तर मूळ बिलाची तारीख कायम राहते. पूर्ण बिल उलटवून नवे दिले, तर मोठ्या कंपन्यांचा संगणक नव्या तारखेपासून दिवस मोजू लागतो. तसे होऊ नये असे वाटत असेल तर मेलमध्ये ‘मालाची पोच ४ नोव्हेंबरची असून देय तारीख त्यावरूनच धरावी’ अशी विनंती करावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी असलेली, लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली जाते. बिलाच्या तारखेपासून नव्हे. तरीही चूक तुमची असेल तेव्हा या कायद्याचा धाक पहिल्याच मेलमध्ये दाखवू नये.

१५. मागच्या आर्थिक वर्षातले बिल आता चुकीचे निघाले. अजून दुरुस्त होते का?

करासह क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवण्याची शेवटची तारीख म्हणजे ते आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणारी ३० नोव्हेंबर, किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांपैकी जी आधी येईल ती. म्हणजे २०२४-२५ मधल्या बिलासाठी ३० नोव्हेंबर २०२५. या मुदतीत असाल तर मेलमध्ये ग्राहकाला हेही लिहावे की या क्रेडिट नोटइतके कराचे क्रेडिट त्याने आपल्याकडे कमी करावे. त्याने ते घेतलेले असून उलटवले नाही, तर तुमचे देणे कमी होत नाही.

मुदत गेली असेल तर कर सोडून फक्त मूळ किमतीच्या फरकाची, जीएसटी न लावलेली क्रेडिट नोट देता येते. प्रश्न २ मधल्या बिलाचे असे झाले असते, तर ग्राहकाला ४,३२० रुपये मिळाले असते, आणि कराचे ७७७ रुपये ६० पैसे आधीच सरकारजमा झालेले असते. ग्राहकाने त्या कराचे क्रेडिट घेतलेले असल्यास त्याचे नुकसान होत नाही, आणि मेलमध्ये हे एका वाक्यात समजावून सांगितले तर तो त्या रकमेसाठी अडून बसत नाही. त्याने क्रेडिट घेतलेले नसेल तर ते ७७७ रुपये ६० पैसे कोणी सोसायचे, हे मेलवर ठरवत बसू नये. त्यासाठी चिकलठाण्याला एक चक्कर मारावी.